एका गाठीतला गिगामीटर

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही जिनिंग-प्रेसिंगमधून बाहेर पडणारी रुईची गाठ साधारण १७० किलोची असते. शेतकऱ्याच्या कापसातून सरकी वेगळी झाली की चौतीस टक्क्यांच्या आसपास रुई उरते, म्हणजे एका गाठीला सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. गाठीसोबत तपासणीचा कागद जातो. त्यावर धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये असते आणि ‘मायक्रोनेअर’ नावाचा एक आकडा असतो, बहुधा साडेतीन ते साडेचारच्या दरम्यानचा. किलो, मिली आणि मायक्रो असे तीन उपसर्ग इथे उघड दिसतात. चौथा, गिगा, हा त्याच गाठीत दडलेला आहे आणि तो हिशेबानेच बाहेर काढावा लागतो. तो काढण्याआधी हे उपसर्ग आले कुठून आणि त्यांच्या मूळ अर्थावर किती विसंबावे, हे पाहिले पाहिजे.

दशमान मापनाचे पहिले उपसर्ग फ्रान्समध्ये ७ एप्रिल १७९५ च्या कायद्याने ठरले. क्रांतीच्या धामधुमीतल्या त्या मंडळींनी नियम मात्र नेटका केला: मूळ एकक वाढवायचे तर ग्रीक शब्द, लहान करायचे तर लॅटिन. म्हणून दहापट ‘डेका’, शंभरपट ‘हेक्टो’, हजारपट ‘किलो’ ग्रीकमधून आले. दशांश ‘डेसी’, शतांश ‘सेंटी’, सहस्रांश ‘मिली’ लॅटिनमधून. दहा हजारपटीसाठी ‘मिरिया’ हाही ग्रीक शब्द होता. पुढे तो गळून पडला आणि आज अधिकृत यादीत नाही.

संस्कृत येणाऱ्या मराठी वाचकाला हे शब्द वाटतात तितके परके नाहीत. ग्रीक ‘डेका’ आणि आपले ‘दश’ एकाच कुळातले. ‘हेक्टो’ हे ‘हेकाटोन’चे छाटलेले रूप, त्यातला ‘काटोन’, लॅटिनचा ‘केंटुम’ आणि आपले ‘शत’ ही सख्खी भावंडे आहेत. ‘किलो’ हे ‘खिलिओइ’ म्हणजे हजार या शब्दाचे रूप. फ्रेंचांनी त्यातला एक स्वर गिळला आणि सुरुवातीचा ‘ख’ही धड ठेवला नाही. भाषाशास्त्रज्ञ हा ‘खिलिओइ’ आणि ‘सहस्र’मधला ‘हस्र’ एकाच मुळाशी नेतात. भाजीवाल्याकडे ‘दोन किलो कांदे’ मागताना आपण ‘दोन हजार’ म्हणतो आणि कशाचे हजार ते सांगतच नाही. ग्रॅम हा शब्द केव्हाच गळाला आहे, पण कोणाचे काही अडत नाही.

अडते ते दुसऱ्या ठिकाणी. लॅटिन ‘मिले’चा अर्थ सहस्रांश नाही, ‘मिले’ म्हणजे हजार. रोमनांच्या हजार पावलांवरून ‘मैल’ झाला, त्याच ‘मिले’ला ‘मोठा हजार’ असे रूप देऊन ‘मिलियन’ झाला. म्हणजे ‘किलो’ आणि ‘मिली’ या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच आहे. एक हजाराने गुणायला सांगतो, दुसरा हजाराने भागायला, आणि हा फरक शब्दात कुठेच नाही. तो आहे फक्त १७९५ च्या कायद्यात: ग्रीक असेल तर गुणा, लॅटिन असेल तर भागा. शब्दाचे मूळ इथे संख्या सांगते, दिशा सांगत नाही. ‘मिली’ आणि ‘मिलियन’ यांची गल्लत होऊ शकते, तिचे बीज इथेच आहे.

ग्रीक-लॅटिनची ती वाटणीही फार काळ टिकली नाही. विजेची मापे ठरवताना हजार आणि सहस्रांश पुरेनात, म्हणून १८७३ मध्ये ब्रिटिश वैज्ञानिकांच्या समितीने ‘मेगा’ आणि ‘मायक्रो’ घेतले: एक दशलक्ष पट, दुसरा दशलक्षांश. दोन्ही ग्रीक. ‘मेगास’ म्हणजे मोठा, आपल्या ‘महत्’चा नातेवाईक, ‘मिक्रोस’ म्हणजे लहान. नियमाप्रमाणे लहान मापाला लॅटिन शब्द हवा होता, तो कोणी शोधला नाही. त्याहून महत्त्वाचा बदल वेगळाच आहे. १७९५ चे सगळे उपसर्ग संख्या होते: दहा, शंभर, हजार. ‘मेगा’ आणि ‘मायक्रो’ ही विशेषणे आहेत. ‘लहान’ या शब्दातून दशलक्षांश कसा निघणार? तो निघत नाही. तो ठरवून चिकटवलेला आहे. १९६० मध्ये वजन-मापांच्या अकराव्या सर्वसाधारण परिषदेने आंतरराष्ट्रीय पद्धतीला नाव दिले तेव्हा ‘गिगा’ही अधिकृत झाला. ग्रीक ‘गिगास’ म्हणजे पुराणकथांतला राक्षसासारखा महाकाय. त्याच्या जोडीचा ‘नॅनो’ म्हणजे बुटका. गिगा म्हणजे अब्ज, आपले शंभर कोटी. पण महाकायाला अब्जच का म्हणावे, कोटी का नाही, याचे उत्तर ग्रीक पुराणात मिळणार नाही.

म्हणून या उपसर्गांचे दोन वर्ग करावेत. संख्यावाचक वर्गात मूळ शब्द निदान आकडा तरी सांगतो. आकारवाचक वर्गात मूळ शब्द फक्त लहान-मोठे एवढेच सांगतो, आकडा पाठ करावा लागतो. पुढे आलेल्या पेटा, एक्सा यांत पाच-सहा या ग्रीक संख्या एकेक अक्षर गाळून लपवल्या आहेत; ते हजाराचे पाचवे आणि सहावे घात. २०२२ च्या रोना आणि क्वेटापर्यंत हीच चाल चालू राहिली. पण त्यांचे यवतमाळात अद्याप काही काम पडलेले नाही, म्हणून त्यांना इथेच सोडू.

आता गाठीकडे वळू. मायक्रोनेअर हा आकडा मुळात ‘दर इंचाला किती मायक्रोग्रॅम’ असा वाचायचा होता. कापसाचा एकच तंतू घ्या, त्याची एक इंच लांबी घ्या आणि तिचे वजन मायक्रोग्रॅममध्ये सांगा. मायक्रोनेअर ४ म्हणजे दर इंचाला ४ मायक्रोग्रॅम. उपसर्ग ग्रीक आणि एकक इंग्रजी, असा हा संकर अमेरिकेतल्या कापूस व्यापाराने जगाच्या गळ्यात मारला आणि दशमान पद्धती स्वीकारलेल्या भारतानेही तो मुकाट्याने घेतला. हमीभावाने खरेदी करताना लांब धाग्याच्या एका गटासाठी २९.५ ते ३०.५ मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर अशी अट असते. एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच शेजारी बसलेले असतात, फक्त इंच लिहून दाखवत नाहीत.

इंच काढून टाकू. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे एका मीटरमध्ये ३९.३७ इंच. दर इंचाला ४ मायक्रोग्रॅम असतील तर दर मीटरला ४ गुणिले ३९.३७, म्हणजे सुमारे १५७.५ मायक्रोग्रॅम. आता किलोमीटरकडे जाऊ. लांबी हजारपट झाली, तर वजनही हजारपट: १,५७,५०० मायक्रोग्रॅम. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम, म्हणून दर किलोमीटरला १५७.५ मिलिग्रॅम. आकडा बदललाच नाही, फक्त दोन्ही उपसर्ग सरकले. ‘मायक्रोग्रॅम दर मीटर’ आणि ‘मिलिग्रॅम दर किलोमीटर’ ही एकच गोष्ट आहे, कारण सहस्रांशाला हजाराने भागले की दशलक्षांश येतो. लॅटिन हजार आणि ग्रीक हजार यांच्यातून मिक्रोस असा तयार होतो. वस्त्रोद्योगात ‘ग्रॅम दर किलोमीटर’ला ‘टेक्स’ म्हणतात. तेव्हा मायक्रोनेअर ४ चा तंतू १५७.५ मिलिटेक्सचा.

म्हणजे कापसाचा एक तंतू यवतमाळहून एक किलोमीटर ताणत नेता आला, तर त्याचे वजन १५७ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. हजार किलोमीटरला १५७.५ ग्रॅम. गाठ १७० किलोची, म्हणजे १,७०,००० ग्रॅमची. तिला १५७.५ ने भागले की सुमारे १०७९ येतात. हे १०७९ ‘हजार किलोमीटर’ आहेत, म्हणजे १० लाख ७९ हजार किलोमीटर. पुन्हा किलोचे हजार मिसळले की १ अब्ज ७ कोटी ९० लाख मीटर. एक अब्ज मीटर म्हणजे एक गिगामीटर. एका गाठीतले सगळे तंतू टोकाला टोक लावून ठेवले तर १.०८ गिगामीटर लांबी भरते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावर आहे. एका गाठीचा तंतू तिथे जाऊन परत येईल आणि तरी तीन लाख किलोमीटर उरेल.

हमीभावाच्या अटीची दोन टोके घेतली तर चित्र आणखी चांगले दिसते. मायक्रोनेअर ३.५ असेल तर तंतू बारीक, लांबी १.२३ गिगामीटर. ४.३ असेल तर जाडसर, लांबी एक गिगामीटरच्या किंचित पुढे. म्हणजे १७० किलोची गाठ आणि ४.३ चे वरचे टोक यांचा हिशेब एक गिगामीटरला जवळजवळ तंतोतंत जुळतो. कोणी ठरवून जुळवले नाही, हा योगायोग आहे. पण लक्षात ठेवायला सोपा.

या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तपासणीचे यंत्र एकेक तंतू मोजून-तोलून बसत नाही. ते ठरावीक वजनाची रुई ठरावीक जागेत दाबते आणि तिच्यातून हवा सोडते. तंतू बारीक असतील तर त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, हवेला अडथळा जास्त, प्रवाह कमी. त्या प्रवाहावरून आकडा मिळतो. पण न पिकलेल्या बोंडातला तंतूही चपटा आणि पातळ भिंतीचा असतो. तोही हवा अडवतो. म्हणून कमी मायक्रोनेअर दिसले की तंतू जातीनेच बारीक आहे की अपुरा पिकला आहे, हे या एका आकड्यावरून कळत नाही. जमिनीतला ओलावा संपत आल्यावर घेतलेल्या फरदडीच्या कापसात हा घोळ नेहमीचा. अशी रुई रंग नीट धरत नाही आणि सुतात बारीक गाठी पडतात. याच कारणाने तज्ज्ञ मंडळी आता मायक्रोनेअरला एकक जोडत नाहीत, नुसता ४.० असा आकडा लिहितात. वर काढलेली गिगामीटरची लांबी म्हणून अदमासाची आहे. पण तिची पातळी, म्हणजे गिगा आणि मेगा यांतले अंतर, कुठेही चुकत नाही.

आणि उपसर्गांच्या हिशेबात पातळीच जपायची असते. समजा, कोणी ४ मायक्रोग्रॅमऐवजी ४ मिलिग्रॅम वाचले. हिशेबाची प्रत्येक पायरी बरोबर येईल, गुणाकार-भागाकारही बिनचूक होतील आणि लांबी निघेल १०७९ किलोमीटर. कागदावर या उत्तरात काहीच खटकत नाही. खटकते ते हाताला: दर मीटरला १५७ मिलिग्रॅम वजन म्हणजे १५७ टेक्स, आणि तो एकटा तंतू नव्हे, कित्येक तंतू पिळून केलेले जाडेभरडे सूत होते. उपसर्गाची चूक बहुधा हजारपट किंवा त्याहून मोठी असते, म्हणून ती वस्तू डोळ्यांसमोर आणली की पकडता येते. निव्वळ आकडेमोड तपासून ती सापडत नाही.

याच बाजारात एक पाहुणा उपसर्गाच्या वेषात वावरतो. ‘क्विंटल’ म्हणजे १०० किलो. पण आंतरराष्ट्रीय पद्धतीत असा उपसर्ग नाही. लॅटिन ‘केंटुम’चे ‘केंटेनारिउस’ झाले, ते बायझंटाईन ग्रीकमधून अरबीत ‘किंतार’ बनले आणि युरोपात परतताना ‘क्विंटल’. त्याच्याही पोटात ‘शत’च आहे, फक्त तो सेंटीसारखा भागत नाही, गुणतो. भारतात दशमान वजने १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. शेतकऱ्याचा कापूस मणावरून क्विंटलवर आला, पण रुईचा सौदा अजून खंडीत होतो. खंडी म्हणजे ७८४ पौंड, ३५५.६२ किलो. हा विचित्र आकडा जुन्या ३९२ पौंडी दोन गाठींचा आहे. गाठ १७० किलोची झाली आणि खंडी तिथेच राहिली, म्हणून आज खंडीत दोन गाठी आणि थोडी रुई उरते. शेतकऱ्याने खंडीचा भाव ऐकून आपल्या क्विंटलचा भाव काढायचा, तर त्याला ३.५५६२ ने भागावे लागते. शिवाय तो भाव रुईचा असतो, सरकीसकट कापसाचा नाही.

उपसर्गाचे चिन्ह एककाला कसे चिकटते, याचा धडा धरणांवर मिळतो. बाभुळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाचा उपयुक्त साठा सुमारे १८४ दलघमी सांगतात. ‘दलघमी’ म्हणजे दशलक्ष घनमीटर, आणि हे मराठी लघुरूप निर्दोष आहे. इंग्रजी कागदांत मात्र त्याचे Mm³ होते आणि तिथे नियम मोडतो. पद्धतीचा नियम असा की उपसर्ग आधी एककाला चिकटतो आणि घात नंतर दोघांवर चढतो. cm³ म्हणजे सेंटीमीटरचा घन, घनमीटरचा शतांश नव्हे. त्याच न्यायाने Mm³ म्हणजे मेगामीटरचा घन: हजार किलोमीटर लांब, तितकेच रुंद आणि तितकेच उंच. बेंबळ्यात अशी एकही पेटी मावायची नाही. दशलक्ष घनमीटरला नियमात बसणारे चिन्ह hm³ आहे, कारण शंभर मीटर बाजूच्या घनात नेमके दशलक्ष घनमीटर असतात. विस्मरणात गेलेला ‘हेक्टो’ इथे चोख काम देतो. आणखी सोपी वाट लिटरची. घनमीटरमध्ये हजार लिटर, म्हणून एक दलघमी म्हणजे अब्ज लिटर, एक गिगालिटर. बेंबळ्याचा साठा १८४ गिगालिटर म्हटला तर घनाची भानगडच राहत नाही.

वणी परिसरातल्या कोळसा खाणींच्या कागदांवर MT असते. ट्रकच्या पावतीवर ते मेट्रिक टन आणि वार्षिक उत्पादनाच्या तक्त्यात मिलियन टन. एकाच खाणीत एकाच चिन्हाचे दोन अर्थ आणि त्यांच्यात दशलक्षाचे अंतर. पद्धतीप्रमाणे टनाचे चिन्ह छोटा t, आणि Mt म्हणजे मेगाटन. T हे चुंबकक्षेत्राच्या एककाचे, टेस्लाचे चिन्ह आहे. MT वाचून मेगाटेस्ला समजणारा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी नियमाने बरोबरच ठरेल.

ट्रकच्या पावतीत संदर्भ सांभाळून घेतो. पाण्याच्या अहवालात तो सांभाळून घेत नाही. पांढरकवडा भागात भूजलातल्या फ्लोराईडचा प्रश्न जुना आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १ मिलिग्रॅम दर लिटर ही स्वीकार्य मर्यादा धरते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेते. हे आकडे मिलीत आहेत. शिसे, आर्सेनिक यांच्या मर्यादा त्याच मानकात ०.०१ मिलिग्रॅम आहेत, म्हणून कित्येक प्रयोगशाळा त्या १० मायक्रोग्रॅम अशा लिहितात. एकाच पानावर दोन उपसर्ग आले. मायक्रोचे चिन्ह µ हे ग्रीक अक्षर, ‘मिक्रोस’चे पहिले. संगणकावर टंक बदलला की हे अक्षर अनेकदा साधा m होऊन छापले जाते, कारण जुन्या टंकांत ग्रीक µ इंग्रजी m च्याच कळीवर बसवलेले होते. मग १० मायक्रोग्रॅमचे आर्सेनिक कागदावर १० मिलिग्रॅम होते आणि मर्यादेत असलेले पाणी हजारपट विषारी दिसते. उलट गडबड अधिक वाईट: मिलिग्रॅमचा आकडा कोणी मायक्रोग्रॅम समजून पुढच्या तक्त्यात उतरवला तर फ्लोराईडचे ३ मिलिग्रॅम ०.००३ होतात आणि विहीर निर्धोक ठरते. ओळखण्याची खूण इथेही तीच, पातळीची. फ्लोराईड असलेल्या भागातल्या भूजलात सहस्रांशाचा आकडा दिसला की आधी उपसर्ग तपासावा, पाणी नंतर.

औषधांच्या जगाने याच कारणाने µ हे अक्षर टाळून mcg लिहायचा प्रघात घातला. मापनशास्त्राच्या दृष्टीने ते चिन्ह अशुद्ध आहे आणि शुद्धतावादी त्यावर नाक मुरडतात. पण त्यात टंक बदलल्याने हजारपट फरक होत नाही. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांनी आणि ग्रामपंचायतींनी एवढे करावे: अहवालात µ न छापता ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द देवनागरीत पूर्ण लिहावा, आणि एका पानावर एकच उपसर्ग ठेवावा.